सुरक्षा प्रशिक्षणाची तयारी: तिन्ही पाळ्या बसवायच्या, ओव्हरटाइम न चढवता

उदाहरणाला प्रेस शॉप घेऊ. चार लाइन, प्रत्येक लाइनवर पाळीला आठ जण, पाळ्या ६ ते २, २ ते १० आणि १० ते ६. म्हणजे ९६ कामगार, आणि प्रशिक्षण दोन तासांचं.

आधी हिशेब मांडून ठेवा. सहा दिवस आठ तास म्हटलं की आठवड्याचे ४८ तास तिथेच भरतात. प्रशिक्षण हेही कामच, त्यामुळे पाळी सुटल्यावर थांबवलेला प्रत्येक तास दुप्पट दराने द्यावा लागतो. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तरी तेच. 'दुसरी पाळी एक तास लवकर येऊन लवकर जाईल' हा तोडगा कागदावरच बरा: नऊला लाइन रिकामी पडते आणि कंपनीची बस दहाला सुटते.

मग यादी पाळीनुसार न करता गटानुसार करा. अ, ब, क गट दर आठवड्याला पाळी बदलतात, म्हणून पाळी धरून यादी केली की एक गट दोनदा बसतो आणि एक राहूनच जातो. तीन आठवड्यांत प्रत्येक गट एकदा पहिल्या पाळीत येतोच, त्याला तेव्हाच धरा. प्रशिक्षकालाही रात्री यावं लागत नाही.

आता दोन तास कुठून काढायचे? मेंटेनन्सला सांगून त्या तीन आठवड्यांचं नियोजित देखभालीचं काम पहिल्या पाळीत साडेसात ते साडेनऊ लावून घ्या, मंगळवार ते शुक्रवार रोज एक लाइन. लाइन तशीही बंद असते, तिचे आठ जण वर्गात बसतात. चार दिवसांत गट पूर्ण, बारा बॅचमध्ये ९६. सोमवार मोकळा ठेवा. आदल्या आठवड्यात रात्रपाळी केलेला गट त्या सकाळी पेंगतो. शनिवार गैरहजरांसाठी.

सेटर आणि फिटर तेव्हा मशीनखाली असतात, त्यांची बॅच वेगळी लागेल. कायम रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि बॉयलर अटेंडंट फिरतच नाहीत. त्यांच्यासाठी प्रशिक्षकाने रात्री दहाला, पाळीच्या सुरुवातीलाच यावं; पहाटे चारला कोण ऐकणार? बॉयलरवर मात्र प्रमाणपत्रधारक बदली माणूस असल्याशिवाय अटेंडंटला उठवू नका.

टाइम ऑफिसला बॅचच्या वेळा आधी कळवा. कोणी 'ट्रेनिंग आहे' म्हणून साडेपाचलाच पंच केला, तर काही मशीन अर्धा तास ओव्हरटाइम आपोआप धरतात.

हजेरीपत्रकावर टोकन नंबर, सुरू-संपल्याची वेळ आणि सही घ्या. तिसऱ्या शनिवारी हे टोकन मस्टरशी, ठेकेदाराच्या मस्टरशीसुद्धा, ताडून पाहा. राहिलेले बहुधा आपसांत पाळी बदललेले किंवा मधेच आलेले ठेकेदाराचे कामगार निघतात. त्यांना चौथ्या आठवड्यात, जी लाइन देखभालीला असेल तिच्या बॅचला जोडा.