मॉक टेस्टच्या आदल्या रात्री ॲप बंद पडले: या चुका टाळा

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पावणेअकराला वाळपईहून माझ्या भाचीचा फोन आला. ती नीटची तयारी करत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 2 ते 5 या वेळेत, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळेत, तिच्या ॲपवर पूर्ण अभ्यासक्रमाची मॉक टेस्ट होती. चुकलेले प्रश्न खूण करून ठेवण्याची सोय त्याच ॲपमध्ये असल्यामुळे तिची तीन महिन्यांची उजळणी त्या खुणांमध्ये अडकलेली होती. रात्री साडेदहाला तिने ते प्रश्न उघडायला घेतले, तेव्हा पडद्यावर सदस्यत्व घेण्याची सूचना आली आणि खुणा दिसेनाशा झाल्या. मी बँकेत डिजिटल व्यवहारांचे काम पाहतो, म्हणून तिने मला फोन केला होता. पण तिचा फोन येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली होती आणि त्या पंधरा मिनिटांत तिने दोन चुका करून ठेवल्या होत्या.

"मामा, काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होतं. पैसे तर पप्पांच्या खात्यातून आपोआप जातात," असे ती म्हणाली, आणि या वाक्यातच गोंधळाचे मूळ होते. काल रात्रीपर्यंत ॲप चालत होते, म्हणजे पैसे गेले होते, असे तिने गृहीत धरले होते. वस्तुस्थिती अशी होती की मासिक सदस्यत्वाची मुदत बुधवारी, 18 तारखेलाच संपली होती. त्या दिवशी भावोजींच्या खात्यात 540 रुपये होते आणि हप्ता 799 रुपयांचा होता, म्हणून यूपीआय ऑटोपेचा व्यवहार फसला. गूगल प्लेमध्ये असा व्यवहार फसला तरी ॲप लगेच बंद होत नाही. ॲप चालवणाऱ्याने सवलतीची मुदत ठेवलेली असेल, तर तेवढे दिवस सारे काही पूर्वीसारखेच दिसत राहते आणि मागे पैसे वळते करण्याचे प्रयत्न चालू असतात. या ॲपची सवलत तीन दिवसांची होती. ती शनिवारी रात्री साडेदहाला संपली आणि सदस्यत्व स्थगित झाले. त्यामुळे बिघाड शनिवारचा वाटला, तरी तो बुधवारचा होता.

बुधवारच्या आधी सूचना आली नव्हती का? आली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान 24 तास आधी ग्राहकाला मिळावी लागते, आणि ती मंगळवारी भावोजींच्या मोबाइलवर पोहोचलीही होती. मात्र जिच्या अभ्यासासाठी हे पैसे जायचे होते, तिच्या मोबाइलवर ती येणार नव्हती, कारण ऑटोपेची मंजुरी भावोजींच्या यूपीआयवरून दिलेली होती. भावोजींनी तो संदेश जाहिरातीचा समजून सोडून दिला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिवसाला असे वीस संदेश येणाऱ्या माणसाने तो नेमका ओळखावा, ही अपेक्षाच जास्त आहे. ज्या घरात पैसे एकाच्या खात्यातून जातात आणि ॲप दुसऱ्याच्या हातात असते, तिथे नूतनीकरणाची तारीख ॲप वापरणाऱ्यानेच लिहून ठेवावी लागते.

आता त्या दोन चुकांकडे वळतो. पहिली चूक म्हणजे तिने ॲप काढून टाकून पुन्हा उतरवले. मोबाइल अडला की बंद करून चालू करायचा, या सवयीचेच हे मोठे रूप आहे. पण सदस्यत्वाची नोंद मोबाइलमध्ये नसते, ती गूगलच्या आणि ॲपच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे ॲप काढल्याने ती बदलत नाही. बदलल्या त्या दोन भलत्याच गोष्टी. ऑफलाइन उतरवून ठेवलेली व्याख्याने पुसली गेली, आणि तिच्या घरी रात्री नेटवर्क इतके मंद असते की ती पुन्हा उतरवणे शक्य नव्हते. त्याहून वाईट म्हणजे ती लॉगआउट झाली. पुन्हा लॉगइन करण्यासाठी लागणारा ओटीपी नोंदणीच्या क्रमांकावर, म्हणजे भावोजींच्या मोबाइलवर जाणार होता. आणि भावोजी वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रात्रपाळीवर होते, जिथे कामाच्या वेळी मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो.

दुसरी चूक पैशांची होती. ओटीपी मिळत नाही म्हटल्यावर ताईच्या मोबाइलवर ॲपचे संकेतस्थळ उघडून, ताईच्या क्रमांकाने नवी नोंदणी करून, तिने पुन्हा 799 रुपये भरले. पैसे गेले, सदस्यत्व चालूही झाले, पण ते ताईच्या क्रमांकावर, एका कोऱ्या खात्यात. तिथे चुकलेल्या प्रश्नांच्या खुणा नव्हत्या, आधीच्या चाचण्यांचे गुण नव्हते आणि दुसऱ्या दिवशीच्या मॉक टेस्टसाठी केलेली नावनोंदणीही नव्हती. इथे दोन ओळखी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पैसे कोणत्या गूगल खात्यातून भरले ही एक, आणि ॲपमध्ये कोणत्या क्रमांकाने लॉगइन केले ही दुसरी. अभ्यासाची सगळी नोंद दुसरीशी बांधलेली असते. नव्या क्रमांकावर पैसे भरणे म्हणजे शेजारच्या घराचे भाडे भरून आपल्या दाराचे कुलूप उघडण्याची वाट पाहणे होय.

तिसरी चूक होता होता टळली. ताईने शोधयंत्रावर ॲपच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधून काढला होता आणि ती तो लावणार होती. रात्री अकरा वाजता, घाबरलेल्या अवस्थेत, अशा रीतीने सापडलेला क्रमांक हा फसवणुकीचा ठरलेला मार्ग आहे. पलीकडचा माणूस पैसे परत करण्याच्या नावाखाली पिन किंवा पडद्याचा ताबा मागतो. संपर्क करायचाच असेल तर प्ले स्टोअरवरील त्या ॲपच्या पानावर दिलेला पत्ताच वापरावा. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

मी तिला आधी काहीही न दाबता एकच गोष्ट पाहायला सांगितली. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील स्वतःच्या चित्रावर, मग `Payments & subscriptions` आणि त्यानंतर `Subscriptions` वर जायचे आणि तिथे त्या ॲपपुढे काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे. ॲप काय म्हणते यापेक्षा ही यादी काय म्हणते हे महत्त्वाचे, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो. यादीत ॲप आहे आणि पैसे भरण्यात अडचण असल्याचे दिसते, तर सदस्यत्व संपलेले नसून स्थगित आहे. फक्त पैसे भरण्याची पद्धत दुरुस्त करायची असते. सदस्यत्व रद्द झाल्याचे दिसत असेल, तर ते तिथूनच पुन्हा घ्यावे. यादी म्हणते चालू आहे आणि ॲप मात्र पैसे मागते, तर लॉगइन चुकीचे आहे किंवा ॲपमधील खरेदी पुनर्स्थापित करण्याचा पर्याय वापरायचा राहिला आहे. आणि यादीत ॲपच नसेल, तर खरेदी दुसऱ्या गूगल खात्यातून किंवा थेट संकेतस्थळावरून झालेली असते. मोबाइलवर दोन गूगल खाती असतील तर दोन्ही पाहावीत, कारण घरातल्या जुन्या मोबाइलवर हा घोळ हमखास असतो.

तिच्या यादीत ॲप होते आणि पैसे भरण्याची पद्धत दुरुस्त करण्याची सूचना होती. भावोजींचा मोबाइल लॉकरमध्ये असल्यामुळे त्यांच्या यूपीआयवरून मंजुरी मिळणे शक्य नव्हते. म्हणून तिथेच ताईचा यूपीआय पत्ता नवी पद्धत म्हणून जोडला. ताईच्या मोबाइलवर ऑटोपेच्या मंजुरीची विनंती आली, तिने स्वतःचा पिन टाकला आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी सदस्यत्व पुन्हा चालू झाले. असा व्यवहार करताना पडद्यावर प्रलंबित असे दिसले, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. दुकानदाराला यूपीआयने दिलेली रक्कम खात्यातून गेली पण त्याच्यापर्यंत पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. पैसे बुडत नाहीत, पण दोनदा भरलेले दोन्ही व्यवहार यशस्वी झाले तर ती रक्कम मात्र मागून घ्यावी लागते.

सदस्यत्व चालू झाले, तरी ॲप उघडले नाही. ॲप काढून टाकल्यामुळे लॉगइन गेलेले होते आणि ओटीपी सकाळशिवाय मिळणार नव्हता. ती ॲपला हात न लावता बसली असती, तर साडेअकराला तिच्या खुणा तिच्यासमोर असत्या. हे मी तिला त्या रात्री सांगितले नाही. त्याऐवजी एनसीईआरटीचे जीवशास्त्राचे पुस्तक उघड, बाराला झोप, आणि उद्यासाठी एक पर्याय तयार ठेव, असे सांगितले. नीट ही परीक्षा अजून कागदावर, ओएमआर पत्रिकेवरच होते. 180 प्रश्न, 720 गुण, 180 मिनिटे. राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका विनामूल्य आहेत. ॲप उघडलेच नसते, तर त्यातली एक छापून, घड्याळ लावून, जेवणाच्या मेजावर दुपारी दोन वाजता मॉक टेस्ट झाली असती. क्रमवारी कळली नसती, पण कुठे वेळ जातो आणि कुठे चुका होतात, हे तिथेही तितकेच कळले असते. खरे तर मोबाइलच्या पडद्यावर गोल दाबून सोडवलेल्या पेपरपेक्षा पेनने गोल भरलेला पेपर मला जवळचा वाटतो, पण हा माझ्या वयाचा दोष असू शकेल.

सकाळी सात वाजता पाळी सुटल्यावर भावोजींनी कारखान्याच्या फाटकाबाहेरून फोन केला. तिने तेव्हाच ओटीपी मागवला, कारण रात्री मागवलेला केव्हाच बाद झाला होता, आणि भावोजींनी आलेले आकडे वाचून दाखवले. खुणा जशाच्या तशा होत्या. सकाळी दीड तास तिने भौतिकशास्त्राचे चुकलेले प्रश्न पाहिले आणि दुपारी ठरल्या वेळी चाचणी दिली.

राहिले होते ताईच्या क्रमांकावर भरलेले 799 रुपये. ते संकेतस्थळावरून भरलेले असल्यामुळे गूगलकडे परतावा मागून उपयोग नव्हता. म्हणून व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि दोन्ही मोबाइल क्रमांक लिहून ॲपच्या अधिकृत पत्त्यावर ई-मेल केला. तिची वसुलीची तारीखही आता बदलली आहे, कारण स्थगित सदस्यत्व पुन्हा चालू झाले की पुढचा महिना त्या दिवसापासून मोजला जातो. पूर्वी 18 होती, आता 21 आहे. ताईच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर 19 तारखेच्या चौकोनात लाल पेनने 799 लिहिलेले आहे.