प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड चाचणीत आणि ग्रुप डिस्कशनमध्ये या चुका टाळा

सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या मुलांची प्लेसमेंटची तयारी करून घेताना सराव चाचणी संपली की मी गुणांआधी त्यांचे कच्चे कागद मागून घेतो, कारण मुलगा कुठे अडला हे गुणांवरून कळत नाही, कच्च्या आकडेमोडीवरून कळते.

त्या कागदांवर सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे समजून न घेता पाठ केलेली शॉर्टकट सूत्रे. गणितात चांगल्या असलेल्या एका विद्यार्थ्याने व्हिडिओ पाहून अशा सूत्रांची वहीच भरली होती. चाचणीत प्रश्न आला की प्रवासाचे तीन समान टप्पे अनुक्रमे ताशी 60, 40 आणि 30 किलोमीटर वेगाने पार केले, तर सरासरी वेग किती? त्याला दोन वेगांचे सूत्र येत होते: दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज. त्याने 60 आणि 40 वरून 48 काढले, मग 48 आणि 30 यांना तेच सूत्र लावून 36.9 हे उत्तर निवडले. पर्यायांत 36.9 होते, 43.3 होते आणि बरोबर उत्तर 40 हेही होते. प्रश्न काढणारा चुकीच्या वाटेने येणारी उत्तरे मुद्दाम पर्यायांत ठेवतो, त्यामुळे आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर आहे असे कधीही धरू नये.

ते सूत्र दोन्ही अंतरे समान असतील तरच लागू पडते. 48 हा वेग दोन टप्प्यांचा मिळून होता आणि 30 एकाच टप्प्याचा, म्हणजे अंतरे समान राहिलीच नव्हती. त्याऐवजी प्रत्येक टप्पा 120 किलोमीटरचा धरला, तर 2, 3 आणि 4 असे एकूण 9 तास लागतात, आणि 360 भागिले 9 म्हणजे 40. यासाठी कोणतेही सूत्र लागत नाही आणि वेळही जास्त जात नाही. दिलेल्या संख्यांचा लसावि अंतर किंवा काम म्हणून धरायचा, ही माझी जुनी सवय आहे. एक जण 12 दिवसांत आणि दुसरा 18 दिवसांत करतो ते काम 36 भागांचे धरले, की दोघे मिळून रोज 5 भाग करतात आणि 7.2 दिवसांत संपवतात. सूत्र खरोखर समजले आहे का हे पाहायचे असेल, तर एकच अट बदलून पाहावी: तीन टप्प्यांचे अंतर समान नसून वेळ समान असेल तर उत्तर काय येईल? तेव्हा साधी सरासरी, म्हणजे 43.3, बरोबर ठरते. ज्याला याचे कारण सांगता येत नाही, त्याने पुढचे सूत्र वहीत उतरवण्याची घाई करू नये.

सूचना न वाचता चाचणी सुरू करणे ही दुसरी चूक. चार पर्याय असून चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जात असेल, तर डोळे मिटून मारलेल्या ठोक्याचा सरासरी फायदा शून्य असतो, पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर उत्तर देणे फायद्याचे ठरते. काही चाचण्यांत मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, तिथे ‘नंतर बघू’ ही सवय घातक आहे.

ग्रुप डिस्कशनमध्ये सर्वांत आधी बोललेच पाहिजे, हा समज कुठून पसरला कोण जाणे, पण त्याने फार नुकसान केले आहे. आमच्याकडे एकदा ‘शहरांतील पूर नैसर्गिक की मानवनिर्मित’ हा विषय होता. पहिल्या मुलाने पाठ केलेली पुराची व्याख्या सांगितली आणि पुढे त्याच्याकडे मुद्दाच उरला नाही, म्हणून तो इतरांना तोडत राहिला. चौथ्या क्रमांकावर बोललेल्या मुलीने आधीच्या वक्त्याचा पावसाचा मुद्दा मान्य केला आणि सांगितले, की सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट असताना 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेले. पाऊस नैसर्गिक असला, तरी पूररेषेच्या आत घरे बांधू देणे हा माणसाचा निर्णय आहे. तिचे इंग्रजी साधे आणि थोडे अडखळते होते, तरीही त्यानंतरची चर्चा तिच्याच मुद्द्याभोवती फिरली आणि पुढच्या फेरीसाठी तिची निवड झाली.

दहा जण आणि पंधरा मिनिटे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दीड मिनिट येते. ते एकदम खर्च न करता वीस-पंचवीस सेकंदांच्या तीन-चार खेपांत वापरावे. विषय मिळताच कागदावर दोन्ही बाजूंचे दोन-दोन मुद्दे आणि एक स्थानिक उदाहरण लिहावे, आणि प्रत्येक वक्त्याच्या नावापुढे त्याचा मुद्दा दोन शब्दांत टिपावा, म्हणजे ‘अमुक म्हणाला त्याला जोडून’ असे म्हणत आत शिरता येते. सराव मात्र मित्रांच्या टोळक्यात करू नये, कारण तिथे कोणी मध्येच तोडत नाही. दुसऱ्या शाखेच्या अनोळखी मुलांना बोलवावे आणि फोनवर रेकॉर्ड करून आपण किती सेकंद बोललो ते मोजावे.