पुराच्या पाण्यात गाडी घालताना होणाऱ्या या चुका टाळा

“गाडी जड आहे, एवढ्याशा पाण्यात काय वाहतेय?” रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात शिरणारे बहुतेक जण असंच म्हणतात, आणि सगळ्यात घातक चूक हीच. गाडी जागेवर राहते ती टायर रस्त्यावर दाबलेले असतात म्हणून. पाणी आधी तो दाबच काढून घेतं.

हिशोब करून बघा. चालकासह १००० किलोची छोटी गाडी, तिचा तळ जमिनीपासून १७ सेंटिमीटर वर. पाणी ३० सेंटिमीटर, म्हणजे तळाच्या वर १३. तळ साधारण ३.६ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद धरला, तर गाडी जवळजवळ ७५० लिटर पाणी बाजूला सारते आणि तितकेच किलो उचलली जाते. टायरवर उरतात २५० किलो. ओल्या रस्त्यावर एवढ्या वजनाची पकड फार तर १०० किलोची. पाणी सावकाश धावणाऱ्या माणसाच्या वेगाने, सेकंदाला २ मीटर, आडवं आलं तर त्याचा रेटा सव्वाशे किलोच्या आसपास जातो. गाडी सरकली. पाणी आणखी ५ सेंटिमीटर चढलं तर ती तरंगतेच. दारांच्या फटींतून पाणी आत येऊन ती पुन्हा जड होईल, पण तोवर ती पुलाच्या कडेला पोचलेली असते.

इंजिन पुढे असलेल्या गाडीचा मागचा भाग आधी उचलला जातो. स्टिअरिंग हलकं लागलं किंवा मागची बाजू वळू लागली, की पकड गेली म्हणून समजा. अशा वेळी वेग वाढवून “काढून घेऊ” म्हणणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. मोठी, उंच गाडी थोडी उशिरा उचलली जाते, इतकंच. ६० सेंटिमीटर वाहत्या पाण्यात बहुतेक एसयूव्हीही वाहून जातात.

दुसरी चूक खोली बघून वेग विसरण्याची. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून जोरात वाहणारं घोट्याच्या थोडं वरपर्यंतचं, १५ सेंटिमीटर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकतं. पडलेल्या माणसाच्या पायांऐवजी अख्ख्या अंगावर रेटा बसतो, त्यामुळे उठणं जमत नाही. मुलाला कडेवर घेऊन जाणं हा उपाय नव्हे. तोल जातो आणि दोघंही पडतात.

पुढची गाडी गेली म्हणून मागोमाग जाऊ नका. गढूळ पाण्याखाली रस्ता खचलेला दिसत नाही.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करत बसू नका. पट्टा सोडा आणि काच लगेच खाली करा. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही, काचेची मोटरही थोड्या वेळात बंद पडू शकते. आधी मुलांना खिडकीतून बाहेर काढा. पाण्याला ओढ असेल तर खाली न उतरता टपावर चढा आणि तिथूनच मदत मागा.