‘पोलिओ’ लिहिण्याआधी: नेत्याच्या बालपणीचं आजारपण तपासताना

चरित्रलेखनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मुलाखत कशी घ्यायची, कागद कसे लावायचे हे तुम्हाला येतंच. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

सहकारी चळवळीतल्या एका नेत्याचं चरित्र लिहीत होतो. त्यांचा डावा पाय बारीक होता. ‘लहानपणी पोलिओ झाला’ असं पाच पुस्तकांत होतं, म्हणून मीही तसंच लिहिलं. हस्तलिखित छापायला देण्याच्या आठवडाभर आधी त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटलो. त्या म्हणाल्या, “अहो, तापात डॉक्टरांनी सुई टोचली आणि तेव्हापासून पाय ओढायला लागला.” घरी येऊन पाचही पुस्तकं पुन्हा चाळली. सगळ्यांचं मूळ एकच निघालं: साठीनिमित्त काढलेला गौरवग्रंथ. पाच साक्षीदार समजलो होतो, तो एकच होता, आणि तोही पन्नास वर्षांनंतरचा.

तेव्हा मला वाट दाखवली ती जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म याच्या डाव्या हाताने. हे प्रकरण कोणत्याही शिबिरापेक्षा जास्त शिकवतं, असं माझं मत आहे. विल्हेल्म 27 जानेवारी 1859 ला बर्लिनमध्ये जन्मला. बाळ पायाळू होतं, सुटका फार अवघड झाली आणि डावा हात कायमचा अधू झाला. आज कुठेही वाचा, ‘अर्ब्ज पाल्सी’ असं निदान दिलेलं असतं, म्हणजे खांद्याजवळच्या नसांना ओढ बसून आलेला लुळेपणा. आता तारखा बघा. हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या विल्हेल्म अर्ब यांनी या दुखण्याचं वर्णन केलं 1874 मध्ये, म्हणजे बाळ पंधरा वर्षांचं झाल्यावर. 1859 च्या कागदात हे नाव शोधाल तर काहीच हाती लागणार नाही, आणि सापडलंच तर तो कागद नंतरचा समजा.

म्हणून शोध निदानाचा घ्यायचा नाही, वर्णनाचा घ्यायचा. इथे सुदैवाने ते मुबलक आहे. प्रसूती करणारे प्राध्यापक एडुआर्ड मार्टिन यांचा अहवाल आहे. बाळाची आई व्हिक्टोरिया ही इंग्लंडच्या राणीची मुलगी. ती आपल्या आईला सतत पत्रं लिहायची आणि हाताचं दुःख त्यांत वर्षानुवर्षं येत राहतं. हात दुखावल्याचं कुणाच्या लक्षात आलं तेही जन्मानंतर काही दिवसांनी. उपचारांची माहितीसुद्धा पुरावाच आहे: नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत हात ठेवणं, विजेचे झटके. असले उपाय कुणी निरोगी हातावर करत नाही.

पण सावध राहा. मार्टिन यांचा अहवाल म्हणजे ज्याच्या हातून सुटका झाली त्याच माणसाने लिहिलेला. पहिला कागद म्हणून तो मोलाचा. दोष कुणाचा हे ठरवायला एकटा पुरेसा नाही. आईची पत्रं याच्या उलट: हातात काय कमी आहे हे ती रोज बघते, पण कारण तिला डॉक्टर सांगतील तेवढंच कळतं. कोण काय डोळ्यांनी पाहू शकत होतं, हा प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा.

फोटोंचंही तसंच. कैसरच्या फोटोंत डावा हात तलवारीच्या मुठीवर असतो किंवा त्यात हातमोजे धरलेले असतात. एकटा फोटो काहीच सिद्ध करत नाही. वीस वर्षांचे फोटो ओळीने लावले की तो हात कधीच मोकळा दिसत नाही हे कळतं. जुने फोटो कधी कधी उलटे छापलेले असतात, तेव्हा कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत हे आधी बघा. नाहीतर डाव्याचा उजवा कराल.

आणि एक थांबायची जागा. हात अधू होता, हे पक्कं. सुटकेच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडून मेंदूवर परिणाम झाला का, हे त्या कागदांवरून ठरवता येत नाही. ‘हातामुळे तो असा आक्रमक झाला’ हे तर त्याहून दूरचं. स्वतः फ्रॉइडने या समजुतीवर हरकत घेतली होती. त्याच्या मते घाव हाताचा नव्हता, आईने माया काढून घेतल्याचा होता. तोही तर्कच. मोठे मार्गदर्शक अशा उड्या मारायला सांगतात, कारण प्रकरण रंगतं. ऐकू नका.

कागद कमी असले म्हणून घाबरू नका. आपल्याकडे घरच्यांच्या तोंडचे शब्द शाबूत असतात: ‘वारं गेलं’, ‘देवी आल्या’, ‘तापात पाय गेला’. ते जसेच्या तसे टिपा, आपलं निदान त्यांत मिसळू नका. त्या बहिणीच्या सांगण्याने पोलिओ खोटा ठरला, असंही नव्हतं. पोलिओची सुरुवात तापानेच होते आणि त्या तापात टोचलेल्या सुईने लुळेपणा ओढवू शकतो. नुसती सुई नसेला लागली तरी पाय जाऊ शकतो. शाळेच्या दाखल्यात काही नव्हतं, डॉक्टर हयात नव्हते. शेवटी पुस्तकात छापलं ते एवढंच: ‘सहाव्या वर्षी ताप आला, बहिणीच्या आठवणीप्रमाणे सुई टोचल्यानंतर डावा पाय अधू झाला.’