डेली कलेक्शनचे पैसे उचलण्याआधी हा हिशेब मांडा

समजा, तुम्ही नुकतीच मेस सुरू केली आहे. एका कंपनीला डबे जातात, पण तिचे बिल ४० दिवसांनी निघते. किराणा, गॅस आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा पगार आजच द्यायचा आहे. २७,००० कमी पडतात.

आधी कागदावर पुढच्या सहा आठवड्यांच्या तारखा लिहा. कोणत्या दिवशी किती येणार, किती जाणार, ते समोर मांडा. पैसा किती हवा, याइतकेच तो किती दिवसांसाठी हवा हेही कळले पाहिजे.

आता डेली कलेक्शनवाल्या सावकाराची ऑफर त्याच कागदावर उतरवा. ३०,००० लिहून घ्यायचे, ३,००० आधीच कापायचे आणि उद्यापासून १०० दिवस रोज ३०० द्यायचे. बोलायला हे दहा टक्केच. पण मुद्दल रोज फिटत जाते, त्यामुळे सरासरी साडेतेरा हजारच तुमच्याकडे राहतात. त्यावर १०० दिवसांत ३,००० म्हणजे वर्षाला ८० टक्क्यांच्या आसपास व्याज झाले. खरी मेख पुढे आहे: चाळिसाव्या दिवशी, कंपनीचे पैसे यायच्या आतच, १२,००० परत गेलेले असतात. खड्डा बुजतच नाही, म्हणून माणूस दुसरा सावकार गाठतो. कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर मागितला, तर तिथूनच उठा.

भिशी ओळखीतली असते, म्हणून सुरक्षित वाटते. पण दहा जणांच्या ३,००० च्या भिशीत दुसऱ्याच महिन्यात गरज पडली, तर बोली लावून ३०,००० ऐवजी २४,००० वर समाधान मानावे लागते. वर हप्ते चालूच. आधी उचललेल्यांपैकी दोघांनी हात वर केले, तर मागे राहिलेल्यांचे पैसे बुडतात. नोंदणी नसलेल्या भिशीत दाद मागणेही अवघड.

मग करायचे काय? पहिल्यांदा कंपनीकडेच बोला. महिन्याऐवजी पंधरवड्याचे बिल लावून मिळाले, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. किराणावाल्याकडे तीन आठवड्यांची उधारी मागा. तारीख पाळणाऱ्याला ती मिळते. तरीही कमी पडले, तर बँकेतले सोनेतारण बघा. वर्षाला १२ टक्के धरले तरी २७,००० चे ४० दिवसांचे व्याज साधारण ३५५ रुपये होते. मूल्यांकनाचा खर्च वेगळा, तो आधी विचारून घ्या. घरच्यांना पटवणे हे यातले सगळ्यात जड काम, हे मान्य.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मात्र आजच करा. ती मोफत आहे, आणि डबे पुरवायच्या आधी केलेली असली पाहिजे. सूक्ष्म किंवा लघु सेवा-व्यवसायाचे पैसे ग्राहकाने लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज लागते. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

आधीच अडकला असाल, तर सावकाराचा परवाना मागा. तो नसेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. रोज दिलेल्या ३०० ची नोंद असलेली वही किंवा यूपीआयचे स्क्रीनशॉट सोबत न्या.