शेंबूड पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक? सर्दीतल्या या चुका टाळा

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले की सोलापुरात घरोघरी सर्दी असते आणि माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी: "शेंबूड पिवळा झालाय, अझिथ्रोच्या तीन गोळ्या द्या." सर्दी कधीपासून विचारलं तर उत्तर येतं, "चार दिवस झाले की!"

चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा होणारच. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, शिंका येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाक पाण्यासारखं वाहतं, डोकं जड होतं. जास्तीत जास्त त्रास याच दिवसांत. मग शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो. तो रंग विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. सातव्या दिवसापर्यंत नाक मोकळं होऊ लागतं, दहाव्यापर्यंत बहुतेकांना बरं वाटतं. खोकला मागे राहतो, कधी दोन-तीन आठवडेही. तो कमी होत असेल तर घाबरू नका.

यंत्रमागावर काम करणारे एक मामा असेच चौथ्या दिवशी आले. चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटल्यावर रागावून गेले आणि दुसरीकडून गोळ्या आणल्या. सहाव्या दिवशी बरं वाटलं, ते तसंही वाटणारच होतं. पण नवव्या दिवशी परत आले: अंगात ताप, डावा गाल दुखतोय, वाकलं की ठणका. "तीच गोळी परत द्या, मागं गुण आला होता."

ही मात्र साधी सर्दी नव्हती. बरं वाटू लागल्यावर पुन्हा बिघडणं हीच खरी खूण. त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग निघाला. त्या तीन गोळ्यांनी तो अडवला नव्हता. ज्यांना दोन दिवसांत नाक कोरडं हवं असतं, ते रंग बघतात आणि दिवस मोजत नाहीत, म्हणून मी बिलाच्या मागे घसा खवखवला त्या दिवसाची तारीख लिहून देतो.

नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वर तापाची वेगळी गोळी घेण्याआधी पाकीट वाचा.

पहिल्याच दिवशी जोराचा ताप आणि अंग मोडून येत असेल तर तो फ्लू असू शकतो. ताप तीन दिवसांपुढे गेला, कान दुखू लागला किंवा दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर दिवस मोजत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.