कारणे दाखवा नोटीस: आरोप लिहिताना या चुका टाळा

कारणे दाखवा नोटीस कायद्याच्या अज्ञानापेक्षा भाषेमुळे जास्त वेळा अडचणीत येते. तक्रार हातात आली की साहेब संतापलेले असतात आणि तो संताप तसाच मसुद्यात उतरतो. गोदामातील एका कर्मचाऱ्यावर संशय आहे, असे उदाहरण घेऊ. पहिला मसुदा बहुधा असा असतो:

‘तुम्ही तांब्याच्या तारेची ४ बंडले चोरून कंपनीचा विश्वासघात केला आहे. तुमचे वर्तन अत्यंत निंदनीय आहे. तुम्हाला कामावरून का काढून टाकू नये, याचा खुलासा २४ तासांत करा.’

यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘चोरून’ आणि ‘केला आहे’ हे शब्द. चौकशीच्या आधीच निकाल लागला आहे, असा त्यांचा अर्थ होतो. ओरिक्स फिशरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हेच स्पष्ट केले. कारणे दाखवा नोटिशीच्या टप्प्यावर दोषाचा ठाम निष्कर्ष समोरच्याच्या तोंडावर मारला, तर पुढची कार्यवाही निष्पक्ष राहत नाही. ते प्रकरण निर्यातदाराच्या नोंदणीचे होते, पण तत्त्व नोकरीतल्या कारवाईलाही लागू पडते.

आता मुळात हाती काय आहे ते पाहा. साठा नोंदवहीत १८ बंडले आहेत, मोजणीत १४ भरली. कॅमेऱ्याच्या चित्रणात कर्मचारी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसतो. पिशवीत काय होते, ते दिसत नाही. म्हणजे ‘बंडले घेऊन जाताना दिसलात’ असे लिहिणे चूकच, कारण दिसली ती पिशवी. दिसले ते आणि त्यावरून आपण लावलेला अर्थ ही दोन वेगळी वाक्ये हवीत:

‘दिनांक १२ मार्च रोजी सायंकाळी ७.४० च्या सुमारास तुम्ही गोदाम क्रमांक २ मधून एक पिशवी घेऊन बाहेर पडल्याचे कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसते. फाटकावरील नोंदवहीत त्या वेळची माल बाहेर नेल्याची नोंद आढळली नाही. १३ मार्चच्या मोजणीत तांब्याच्या तारेची १८ ऐवजी १४ बंडले आढळली. यावरून, ही ४ बंडले तुम्ही परवानगीशिवाय बाहेर नेल्याचा आरोप आहे. तो सिद्ध झाल्यास हे कृत्य स्थायी आदेशांनुसार चोरी या गैरवर्तनात मोडते.’

‘चोरी’ हा शब्द इथेही आहे, आणि तो असायलाच हवा. कोणत्या गैरवर्तनाचा आरोप आहे हे कर्मचाऱ्याला कळले नाही, तर तो बचाव कशाचा करणार? फक्त त्या शब्दाची जागा बदलली. ‘सिद्ध झाल्यास’ म्हटल्यावर तो आरोपाचे वर्गीकरण होतो. त्यासोबत लागू असलेल्या कलमाचा क्रमांक द्या. तुमच्याकडे स्थायी आदेश नसतील, तर सेवा नियमांचा किंवा नेमणूकपत्रातल्या अटीचा हवाला द्या.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. तटस्थ राहायचे म्हणून काही जण ‘आपल्या वर्तनाबाबत काही तक्रारी आल्या आहेत’ एवढेच लिहितात. हा सरळ मोघमपणा आहे. ‘आरोप मोघम असल्याने उत्तर देणे शक्य नाही’ असा खुलासा आला, तर तो वकिली डाव समजून झटकू नका, आधी स्वतःचा मसुदा पुन्हा वाचा. तारीख, वेळ, जागा, वस्तू आणि माहितीचा आधार, यातले काय सुटले ते लगेच सापडेल.

‘निंदनीय’, ‘निर्लज्जपणे’, ‘हेतुपुरस्सर’ ही विशेषणे काढून टाका. अपवाद एकच: नियमातच ‘जाणूनबुजून आज्ञाभंग’ असे शब्द असतील, तर ते आरोपाच्या वाक्यात ठेवावे लागतात. जुन्या ताकिदींचा उल्लेखही इथे नको. पूर्वेतिहासाचा प्रश्न शिक्षा ठरवताना येतो, आणि तेव्हा तो विचारात घ्यायचा असेल तर कर्मचाऱ्याला तसे कळवून त्यावर बोलण्याची संधी द्यावी लागते.

पहिल्या मसुद्यातले शेवटचे वाक्यही बदला. चौकशीआधीच्या नोटिशीत ‘कामावरून का काढू नये’ असे विचारले की शिक्षा ठरलेली वाटते. त्याऐवजी ‘तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का सुरू करू नये, याचा लेखी खुलासा करावा’ असे लिहा. मुदत नियमात दिलेली असेल ती पाळा. नसेल तर काही दिवस तरी द्या, कारण २४ तासांत नोंदवह्या पाहून उत्तर लिहिणे कोणालाही जड जाते. मोजणीपत्रक आणि नोंदवहीच्या पानाची प्रत सोबत जोडा, चित्रण पाहण्याची वेळ कळवा.

खुलाशात कर्मचारी म्हणाला, की पिशवीत डबा होता आणि गोदामाची दुसरी किल्ली आणखी एकाकडे असते, तर ते तपासावेच लागेल. किल्लीची नोंद पाहा, मोजणी करणाऱ्याला विचारा. आणि ज्या अधिकाऱ्याने तक्रार केली किंवा ते चित्रण पाहिले, त्यालाच पुढे चौकशी अधिकारी नेमू नका. तो त्या प्रकरणात साक्षीदार आहे.